दहा टक्के, पण कशावर?

सकाळच्या लोकलच्या वेळी आटगाव स्टेशनाबाहेर मोटारसायकलींची रांग लागते. त्यातल्या बऱ्याच गाड्यांच्या आरसीवर मालकाच्या नावाबरोबर फायनान्स कंपनीचंही नाव असतं. शहापूर तालुक्यात पाडा एकीकडे आणि स्टेशन दुसरीकडे, मुरबाडला तर रेल्वेच नाही. ज्याची पाळी भिवंडीच्या गोदामात किंवा आसनगावच्या कारखान्यात, त्याला गाडीवाचून गत्यंतर नाही. रोख पैसे देऊन गाडी घेणारा विरळा. त्यामुळे व्याजाचा दर हा इथे बँकेपेक्षा शोरूममध्ये जास्त ऐकू येणारा शब्द झाला आहे.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी शेजारचा एक मुलगा व्हिजिटिंग कार्ड घेऊन माझ्याकडे आला. कार्डाच्या मागे पेनानं लिहिलेलं होतं: लोन ७२,०००, दर १० टक्के, ३६ महिने, हप्ता २,६००. हिशेब त्यानं स्वतःच केला होता. बहात्तर हजारांचे दहा टक्के म्हणजे वर्षाला ७,२००, तीन वर्षांचे २१,६००. मुद्दलात मिळवले की ९३,६००, भागिले छत्तीस, म्हणजे २,६००. ‘काका, बरोबर आहे ना? दहा टक्केच लावलेत ना?’ असं त्यानं विचारलं. बेरीज, गुणाकार, भागाकार सगळं चोख होतं. दर मात्र दहा टक्के नव्हता.

गोम अशी की हा मुलगा पहिल्या महिन्यापासून पैसे परत करायला लागणार होता. त्या हिशेबातल्या हप्त्यात २,००० रुपये मुद्दल आहे आणि ६०० रुपये व्याज. एका वर्षानं त्यानं २४,००० रुपये मुद्दल परत केलेलं असेल, तरी व्याज बहात्तर हजारांवरच चालू राहील. शेवटच्या महिन्यात त्याच्याकडे कंपनीचे फक्त २,००० रुपये उरलेले असतील आणि त्यांचं महिन्याचं व्याज ६०० रुपये. दोन हजारांवर महिन्याला सहाशे म्हणजे शेकडा तीस रुपये. गावातला सर्वांत बदनाम सावकारही असा दर तोंडानं सांगणार नाही. यालाच फ्लॅट रेट म्हणतात. दर मूळ रकमेवर लागतो आणि परत केलेल्या पैशावरही शेवटपर्यंत आकारणी होत राहते.

दुसरी पद्धत घटत्या शिल्लकीची, म्हणजे रिड्युसिंग बॅलन्सची. महिनाअखेर जेवढं मुद्दल प्रत्यक्ष बाकी, तेवढ्यावरच त्या महिन्याचं व्याज. गृहकर्ज याच पद्धतीनं चालतं. या पद्धतीनं खरोखर दहा टक्के लावले, तर बहात्तर हजारांचा ३६ महिन्यांचा हप्ता येतो सुमारे २,३२३ रुपये आणि तीन वर्षांचं एकूण व्याज सुमारे ११,६४० रुपये. कार्डावरचं व्याज २१,६०० होतं. एकच आकडा, दहा टक्के, आणि जवळजवळ दहा हजारांचा फरक.

मग २,६०० च्या हप्त्यामागे खरा दर कोणता? झटपट अंदाज असा घेता येतो. मुद्दल दरमहा दोन हजारांनी घटतं असं धरलं, तर बाकी पहिल्या महिन्यात ७२,००० आणि शेवटच्या महिन्यात २,०००, सरासरी ३७,०००. म्हणजे मुलाकडे तीन वर्षं सरासरी सदतीस हजारच होते आणि त्यांच्यासाठी तो वर्षाला ७,२०० मोजत होता. हे साडेएकोणीस टक्क्यांच्या जवळ जातं. पण हा अंदाज थोडा चढा आहे. समान हप्त्यात सुरुवातीला व्याजाचा वाटा मोठा असतो, मुद्दल सावकाश उतरतं, म्हणून सरासरी बाकी प्रत्यक्षात सुमारे ४०,२०० निघते. त्या हिशेबानं खरा दर १७.९२ टक्के. गणित नको असेल तर मोबाइलवरच्या एक्सेलमध्ये एका ओळीत हे निघतं:

```
=RATE(36,-2600,72000)*12
```

पहिला आकडा हप्त्यांची संख्या, दुसरा हप्ता, तिसरा हातात आलेली रक्कम. हप्ता खिशातून जातो म्हणून त्याच्यामागे वजाचं चिन्ह.

एक ते पाच वर्षांच्या मुदतीत दहा टक्के फ्लॅटचा खरा दर साधारण सव्वासतरा ते सव्वाअठरा टक्क्यांच्या दरम्यान येतो, म्हणजे पावणेदोनपट किंवा थोडा वर. ‘फ्लॅट म्हणजे दुप्पट’ असं लोक म्हणतात ते सावधगिरी म्हणून चालेल, हिशेब म्हणून चालणार नाही. दर चढा असला की पट कमी होतो. वीस टक्के फ्लॅटचे तीन वर्षांत साडेतेहतीसच्या आसपास होतात, चाळीस नव्हे.

आता गंमत बघा. याच मुलाची आई गावातल्या बचत गटात आहे. गटात अंतर्गत कर्जाला ‘दोन रुपये शेकडा’ लावतात, म्हणजे महिन्याला दोन टक्के, वर्षाला चोवीस. घरात कोणालाही विचारलं असतं की महाग काय, तर उत्तर ‘गटाचं’ असंच आलं असतं. चोवीस कुठे आणि दहा कुठे! पण गटाची वही उघडून पाहिली. कोणीतरी १२,००० उचललेले, दहा महिन्यांत फेडायचे. पहिल्या महिन्याला १,२०० मुद्दल आणि २४० व्याज. दुसऱ्या महिन्याला १,२०० आणि २१६. तिसऱ्याला १९२. असं करत दहाव्या महिन्याला २४ रुपये. एकूण व्याज १,३२०. हेच फ्लॅट धरलं असतं तर दरमहा २४० प्रमाणे २,४०० झालं असतं. वही लिहिणारी बाई दहावीही नाही, पण दर महिन्याला ‘बाकी’चा रकाना खाली आला की व्याजाचा रकाना खाली आणायचा, हे तिला कोणी शिकवावं लागलं नाही. शिवाय ते व्याज गटातच राहतं. शोरूमच्या गुळगुळीत कार्डापेक्षा ही रेघोट्यांची वही प्रामाणिक आहे.

ही तुलना मी त्या मुलाला दाखवली. १७.९२ हे चोवीसपेक्षा कमीच आहेत की, असं तो लगेच म्हणाला, आणि ते खरंच होतं. पण त्याचा कागद अजून संपला नव्हता. कार्डावर न लिहिलेल्या तीन गोष्टी करारात होत्या: प्रोसेसिंग फी १,५००, कागदपत्रांचा आकार ५०० आणि कर्जदाराचा विमा १,६००. मिळून ३,६०० रुपये. हे डाउन पेमेंटमध्येच मिसळून घेतले होते, त्यामुळे कर्जाचा भाग वाटतच नव्हते. पण कर्ज घेतलं नसतं तर हे पैसे द्यावे लागले नसते, म्हणून ते कर्जाचीच किंमत आहेत. त्याच्या बाजूनं पाहिलं तर कंपनीनं त्याला ७२,००० नाही, ६८,४०० दिले आणि हप्ता मात्र तोच. वरच्या ओळीत तिसरा आकडा बदला, दर येतो २१.६५ टक्के.

आणि चौथी गोष्ट होती आगाऊ हप्ता. ‘एक हप्ता आधी, मग पुढचे पस्तीस’ हे शोरूममध्ये इतक्या सहजपणे सांगतात की ते सोयीचं वाटावं. ज्या दिवशी कर्ज दिलं त्याच दिवशी २,६०० परत घेतले, म्हणजे तेवढे पैसे त्याला कधी मिळालेच नाहीत. व्याज मात्र त्यांच्यावरही. आता हातात आलेली रक्कम ६५,८०० आणि उरलेले हप्ते ३५:

```
=RATE(35,-2600,65800)*12
```

उत्तर २३.०६ टक्के. ज्या कर्जाला घरातले ‘दहा टक्क्यांचं’ म्हणत होते, ते गटाच्या चोवीस टक्क्यांच्या दारात येऊन उभं राहिलं. कोणी खोटं बोललं नव्हतं. दहा टक्के हा आकडा कराराच्या गणितात खरोखरच होता.

आधी कापून घेण्याची ही रीत नवी नाही. जुन्या सावकारी कागदांत व्याजाव्यतिरिक्त जी वरकड घेतली जाई तिला ‘मनोती’ म्हणत. १८७५ साली सुप्यात आणि मग पुणे-नगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले, त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्या कायद्यातली सर्वांत शहाणपणाची तरतूद ही, की न्यायालयानं रोख्यावरचा आकडा प्रमाण न मानता व्यवहाराचा मुळापासूनचा इतिहास तपासावा: प्रत्यक्षात दिले किती, परत आले किती. एक्सेलमधली वरची ओळ दुसरं काही करत नाही. कागदावरचा दर बाजूला ठेवून ती फक्त दिलेले आणि आलेले पैसे मोजते.

फ्लॅट दराचा सर्वांत कडू अनुभव येतो तो कर्ज मध्येच फेडायला गेलं की. भात विकून किंवा बोनस मिळाला म्हणून कोणी वर्षभरानं गाडी मोकळी करायला जातो. त्याच्या डोक्यात हिशेब असतो: बारा हप्ते भरले, प्रत्येकी दोन हजार मुद्दल, म्हणजे २४,००० फिटले आणि ४८,००० राहिले. कंपनीचं पत्रक सांगतं, बाकी सुमारे ५२,१२०. माणूस हबकतो, भांडतो. इथे मात्र कंपनीचं बरोबर असतं. विकताना फ्लॅट दर सांगितला तरी खातं आतून १७.९२ टक्क्यांच्या घटत्या शिल्लकीवरच लिहिलेलं असतं. त्यानं भरलेल्या ३१,२०० पैकी सुमारे ११,३२० व्याजात गेले आणि मुद्दल फक्त १९,८८० उतरलं. पहिल्या हप्त्यातच १,०७५ रुपये व्याज होतं, सहाशे नव्हे. छत्तिसाव्या हप्त्यात ते अवघं अडतीस रुपये असणार होतं. म्हणजे बोलण्यात एक दर आणि वहीत दुसरा, आणि कर्जदाराला दोन्हीकडचा तोटा. वर मुदतपूर्व फेडीचा आकार आणि त्यावर जीएसटी. स्थिर दराच्या वाहनकर्जाला हा आकार लावता येतो, म्हणून सही करतानाच तो किती टक्के आहे ते वाचून ठेवावं. काही छोट्या ठिकाणी याहून वाईट घडतं. तिथे ‘उरलेले चोवीस हप्ते भरा’ असं सांगतात, म्हणजे ६२,४००. जे पैसे यापुढे वापरणारच नाही, त्यांचंही पूर्ण व्याज. अशा वेळी लवकर फेडण्यात काडीचा फायदा नाही, पैसे खात्यात ठेवून हप्तेच भरलेले बरे.

मग फ्लॅट दर ही फसवणूकच का? मी तसं म्हणणार नाही. बहात्तर हजारांना तीन वर्षांसाठी कोणी सहा टक्के फ्लॅट देत असेल आणि बँक बारा टक्के घटत्या शिल्लकीवर, तर हप्ते येतात अनुक्रमे २,३६० आणि सुमारे २,३९१. फ्लॅटवाला स्वस्त आहे. त्याचा खरा दर ११.०८. रुपये तर रुपयेच आहेत, पद्धतीच्या नावानं ते वाढत नाहीत. दोष आहे तो दोन वेगळ्या मापांचे आकडे शेजारी ठेवण्यात. शेर आणि किलो यांची तुलना करून ‘तिथे चार, इथे पाच’ म्हणावं तसं ते आहे. आणि विक्रेत्याला लहान दिसणारंच माप का आवडतं, हे सांगायला नको.

माप एकच असावं हा आग्रह इतर देशांत जुना आहे. अमेरिकेनं १९६८ च्या कायद्यानं आणि ब्रिटननं १९७४ च्या कायद्यानं सगळे खर्च धरून एकच वार्षिक दर सांगण्याची सक्ती आणली. आपल्याकडे ती तुकड्यातुकड्यानं आली. आंध्रातल्या सूक्ष्म कर्जाच्या अरिष्टानंतर रिझर्व्ह बँकेनं २०११ साली अशा कंपन्यांना कमाल २६ टक्क्यांची मर्यादा घातली, तेव्हा ‘घटत्या शिल्लकीवर’ हे शब्द लिहावे लागले. ते नसते तर सव्वीस फ्लॅट लावून मर्यादा पाळल्याचं दाखवता आलं असतं. ती कमाल मर्यादा पुढे राहिली नाही, २०२२ पासून सूक्ष्म कर्जाचा दर संस्थेच्या धोरणावर सोडलेला आहे. २०१३ साली ‘शून्य टक्के’ योजनांवर रिझर्व्ह बँकेनं बोट ठेवलं, की शून्य व्याज अशी गोष्टच नसते. हे आजच्या ‘नो कॉस्ट ईएमआय’लाही लागू पडतं. १८,००० चा मोबाइल रोखीनं १६,५०० ला मिळत असेल आणि हप्त्यावर तीन हजारांचे सहा हप्ते असतील, तर व्याज शून्य नसून वर्षाला साडेतीस टक्क्यांच्या जवळ आहे. दुकानदाराला ‘रोख किती घ्याल?’ एवढं विचारलं की ते उघड होतं.

खरा फरक पडला तो १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानं. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका, सहकारी बँका आणि वित्त कंपन्यांना प्रत्येक नव्या किरकोळ मुदतकर्जासोबत ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ हा तक्ता द्यावा लागतो, तोही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. त्यात एपीआर म्हणजे वार्षिक टक्केवारी दर असतो. व्याज, प्रोसेसिंग फी, कर्ज देणाऱ्यानं तिसऱ्यासाठी वसूल केलेला विम्याचा हप्ता, सगळं धरून काढलेला. हप्त्यागणिक मुद्दल किती, व्याज किती, बाकी किती याचं वेळापत्रकही सोबत असतं. त्याच महिन्यात, २९ एप्रिलला, रिझर्व्ह बँकेनं तपासणीत आढळलेल्या काही पद्धतींना अयोग्य ठरवलं. आगाऊ हप्ता घेऊनही पूर्ण रकमेवर व्याज लावणं हे त्यातच आहे. आमच्या मुलाचं प्रकरण शब्दशः तेच होतं.

पण नियम झाला म्हणून शोरूमचं कार्ड बदललं नाही. तोंडी अजून ‘दहा टक्के’च सांगतात, कारण बोलणाऱ्याला तक्त्याचं बंधन जाणवत नाही. तक्ता येतो तो मोबाइलवर, पंधरा पानांच्या पीडीएफमध्ये, आणि ओटीपी विचारला की पोरं तो न वाचता देऊन टाकतात. शोरूमनं स्वतः लावलेले ‘हँडलिंग’सारखे आकार एपीआरमध्ये येत नाहीत, ते वेगळे मोजावे लागतात. आणि सगळे कर्ज देणारे या परिपत्रकाच्या कक्षेत नाहीत. पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात, रिझर्व्ह बँकेच्या नाही. तिथे, तसंच हप्त्यावर भांडी-कपाट विकणाऱ्याकडे किंवा वीटभट्टीच्या उचलीत एपीआर छापलेला मिळणार नाही. तिथे हप्ता, हप्त्यांची संख्या आणि प्रत्यक्ष हातात आलेले पैसे या तीन आकड्यांवरूनच दर काढायचा.

मुलानं शेवटी काय केलं ते सांगतो. तो परत गेला आणि दोनच गोष्टी मागितल्या: आगाऊ हप्ता नको, आणि तक्ता हातात द्या. आगाऊ हप्ता पाच मिनिटांत रद्द झाला. विम्याची रक्कम ‘ऐच्छिक’ निघाली, तीही गेली. तक्त्यावर एपीआर वीसच्या आत आला होता. दहाचा उल्लेख त्या कागदावर कुठेच नव्हता. गाडी त्यानं घेतली, लागतच होती.

तक्ता मागताना ‘आजच सही केली तरच हा दर’ असं कोणी म्हटलं तर घाबरू नका. सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जाला हा तक्ता किमान तीन कामकाजाचे दिवस वैध असतो, आणि तेवढ्या दिवसांत तुम्ही होकार दिला तर त्यातल्या अटी कर्ज देणाऱ्यावर बंधनकारक राहतात. तक्ता घरी आणा, एपीआरचा रकाना शोधा, आणि गटाची वही लिहिणाऱ्या ताईंना एकदा दाखवा.